ई, मेल आणि मधली जागा

मराठीत हा शब्द मी ईमेल, ई-मेल, ई मेल, इमेल, इ-मेल आणि ई- मेल अशा सगळ्या रूपांत पाहिला आहे. शेवटच्या रूपात हायफननंतर एक जागा सुटलेली असते. ती कोणी ठरवून सोडत नाही, पण एकदा सुटली की छापून येईपर्यंत टिकते. कित्येकदा ही सगळी रूपं एकाच पुस्तिकेत भेटतात. लेटरहेडवर एक, सूचनेत दुसरं, मागच्या पानावरच्या पत्त्यात तिसरं. मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या माणसाला हे खुपतं, बाकीच्यांचं काही अडत नाही. अडत नाही म्हणूनच बहुधा याचा निकाल कोणी लावलेला नाही.

आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांकडे जावं, तर तिथे फारसं काही हाती लागत नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, हे मुख्यतः अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही विशिष्ट शब्दांच्या लेखनाबद्दल बोलतात. त्यातून एवढं मात्र मिळतं की एकाक्षरी शब्दातला इकार दीर्घ लिहायचा, जसं मी, ही, ती. म्हणून सुटं उभं राहणारं अक्षर ‘ई’ असावं, ‘इ’ नव्हे. इमेल आणि इ-मेल हे दोन उमेदवार इथेच बाद होतात. चुकून जागा सुटलेलं ‘ई- मेल’ सोडलं, तर उरलेल्या तिघांत, म्हणजे जोडून, हायफन देऊन की जागा सोडून, हा प्रश्न नियमांनी आपल्यावर सोडला आहे.

मग बहुतेक जण इंग्रजीकडे पाहतात. इंग्रजीत या शब्दाचा हायफन कधी गेला हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेची लेखनपद्धती तिथली असंख्य वृत्तपत्रं पाळतात. मार्च २०११ मध्ये फीनिक्स शहरात कॉपी एडिटरांचं संमेलन भरलं होतं, तिथे या वृत्तसंस्थेने जाहीर केलं की यापुढे ई-मेलमध्ये हायफन नाही. त्याच यादीत कलकत्त्याचं कोलकाता झालं, आणि सेलफोन, स्मार्टफोन हे शब्द जोडून लिहायचे ठरले. एका शहराचं नाव आणि एक आडवी रेघ एकाच यादीत निकाली निघाली, याची मला अजून गंमत वाटते. न्यूयॉर्क टाइम्सने हायफन काढायला २०१३ उजाडलं. पुस्तकांच्या संपादनात ज्याचा शब्द शेवटचा मानतात, त्या शिकागो मॅन्युअलने २०१७ च्या आवृत्तीत काढला.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ या सगळ्यांच्या कितीतरी आधी हायफन टाकून द्या म्हणत होते. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजीत नवा जोडशब्द आला की सुरुवातीला त्यात हायफन असतो आणि शब्द रुळला की तो गळून पडतो. सॉफ्टवेअर हा शब्दसुद्धा लोक एके काळी मध्ये हायफन घालून लिहीत, हे त्यांनीच दिलेलं उदाहरण. हे लिहिणारे नूथ स्वतः १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरत नाहीत, हा भाग वेगळा. जी वस्तू घरात ठेवायची नाही तिच्या नावाचं शुद्धलेखन मात्र नीट हवं, असा हा माणूस.

नूथ यांचा नियम ऐकायला छान आहे, पण तो अर्धाच खरा. २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशाची सहावी आवृत्ती आली, तिच्यात सुमारे सोळा हजार शब्दांतले हायफन काढले होते. काढून काय केलं, तर काही शब्द जोडले आणि काही तोडले. बंबलबी, म्हणजे भुंग्यासारखी ती जाडी मधमाशी, एका शब्दात गेली. आइस क्रीममध्ये मात्र जागा आली. म्हणजे शब्द रुळला की हायफन जातो हे खरं, पण त्याच्या जागी काय येतं याचा नेम नाही. शिवाय असोसिएटेड प्रेसने ई-मेलचा हायफन काढला त्याच वेळी ई-बुक आणि ई-कॉमर्सचा ठेवला होता. ई तीच, हायफन मात्र एकाला नाही आणि दुसऱ्याला आहे. कारण एवढंच, की ई-मेल लोक दिवसातून पन्नासदा लिहितात.

जर्मन लोकांनी हे मुळीच केलं नाही. त्यांच्याकडे सुटं अक्षर दुसऱ्या शब्दाला जोडायचं तर मध्ये हायफन द्यायचा असा नियम आहे, मग ती ऊ-बान, म्हणजे भुयारी रेल्वे असो, टी-शर्ट असो की ई-मेल. हायफन काढण्यात त्यांना एक अडचणही आहे. जोडून लिहिलेला तोच शब्द त्यांच्या भाषेत आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ भांड्यांवरचं एनॅमल. दुडेन हा त्यांचा शब्दकोश त्यामुळे हायफनवर ठाम आहे. या दोन भाषा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, त्या त्या भाषेच्या सवयीचा आणि तिथे शेजारी कोणते शब्द बसले आहेत याचा आहे.

तर मग मराठीच्या सवयी काय आहेत?

मराठीची पहिली सवय जोडून टाकण्याची. आगगाडी, आगबोट, आगपेटी हे त्यांच्या काळातले तंत्रज्ञानाचे शब्दच होते, आणि आज आग-गाडी कोणी लिहीत नाही. बिनतारी, दूरध्वनी, संकेतस्थळ, सगळे एकसंध. बिन, गैर, बे अशी उपसर्गासारखी पदंसुद्धा आपण थेट चिकटवतो, जसं गैरसोय, बेकायदा. हायफन आपण राखून ठेवतो तो दोन बरोबरीच्या शब्दांसाठी, आई-वडील, ने-आण, नदी-नाले. तिथेही चहापाणी आणि चहा-पाणी दोन्ही चालतात, कारण त्या जोडीतला पाण्याचा बरोबरीचा मान केव्हाच गेलेला आहे.

या सवयीने गेलं तर ‘ईमेल’ सरळ जोडून लिहावं. उच्चारातही तो एकच शब्द आहे, आपण ई म्हणून थांबत नाही. वाचतानाही फसगत होत नाही. पूर्ण ‘ई’ शब्दाच्या आरंभी आली की ती स्पष्ट दिसते, मागच्या-पुढच्या अक्षरात मिसळत नाही.

पण मराठीची दुसरीही एक सवय आहे, आणि ती या शब्दाला जास्त लागू पडते असं मला वाटतं. क्ष-किरण. शंभर वर्षांपेक्षा जुन्या शोधाचं हे मराठी नाव आपण हायफन देऊन लिहितो. का, तर ‘क्ष’ हा तिथे शब्द नाही, नुसतं अक्षर आहे. गणितातल्या अज्ञात राशीसाठी वापरतात ते अक्षर. अक्षराला अर्थ नसतो, त्याचा समास कशाशी करणार? म्हणून मध्ये एक रेघ देऊन सांगायचं की हे चिन्ह आहे, शब्द पुढे आहे. टी-शर्ट, यू-टर्न तसेच. ई-मेलमधली ‘ई’ ही त्याच जातीची. ती आपली चौथ्या क्रमांकाची स्वर ‘ई’ नाही, एका रोमन अक्षराचं नाव आहे, आणि ते अक्षर ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दाच्या जागी उभं आहे.

एकट्या ई-मेलचा प्रश्न असता तर मी दोन्ही रूपांना चालू दिलं असतं. पण मराठीत ‘ई’ एकटी आली नाही, कुटुंबकबिला घेऊन आली. ई-निविदा, ई-लिलाव, ई-सेवा, ई-केवायसी, ई-चलान, ई-कचरा. आता ‘ईकचरा’ लिहून बघा. ‘ईलिलाव’ बघा. पहिल्यात घाण वाटल्याचा उद्गार ऐकू येतो, दुसऱ्यात शब्द कुठे सुरू होतो हेच कळत नाही. ई पुढे मराठी शब्द आला की हायफन लागतोच. सरकारी किंवा संस्थेच्या मजकुरात एकाच पानावर ‘ई-निविदा सूचना’ आणि त्याखाली ‘ईमेल’ असं येतं तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, एक काहीतरी चुकलंय. इंग्रजीने ही विसंगती वापराच्या जोरावर पचवली. आपल्याला ती पचवायची सक्ती नाही. औपचारिक मराठीत मी ई-मेल हायफन देऊनच लिहिते ते यासाठी. कथेत, पत्रात, ललित लेखात कोणी ईमेल लिहिलं तर मी हात लावत नाही.

जागेचं मात्र वेगळं आहे. ‘ई मेल’ हे रूप मला कुठेच चालत नाही. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम करताना त्याची कारणं एकाच दुपारी समोर आली.

स्मरणिका दोन रकान्यांची होती, मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला. अशी जुळवाजुळव करताना सॉफ्टवेअर ओळीतल्या शब्दांमधल्या जागा ताणतं. इंग्रजीत लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडता येतो म्हणून ताण कमी पडतो. मराठीत आपण सहसा शब्द तोडत नाही, त्यामुळे अरुंद रकान्यात जागा चांगल्याच रुंदावतात. एका ओळीत ‘सभासदांनी आपला ई’ एवढंच बसलं होतं आणि ‘मेल पत्ता कळवावा’ खालच्या ओळीवर गेलं होतं. वरच्या ओळीच्या शेवटी एकटी ई, तिच्या मागे बोटभर पोकळी. वाचणारा तिथे थबकतो. सभासदांनी आपला ई काय?

स्मरणिकेत बरेच लेख होते आणि लेखक तेवढेच निरनिराळे, म्हणून ऑपरेटर मुलगी म्हणाली, “मॅडम, एकदाच रिप्लेस ऑल मारू का? ई स्पेस मेलच्या जागी ई हायफन मेल. दोन सेकंदांचं काम.”

“आधी नुसतं शोध,” मी म्हटलं, “बदलू नकोस.”

शोधल्यावर पहिलाच सापडला तो ‘मुंबई मेल’. एका ज्येष्ठ सभासदांनी मद्रासच्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या, त्यात रेल्वेगाडी होती. मुंबईतली शेवटची ई, मग जागा, मग मेल. संगणकाला ते तंतोतंत तेच. पुढे ‘चेन्नई मेल’. आणि त्यापुढे, दुसऱ्या एका लेखात, “मी सहा वर्षांचा असताना आई मेली.” ती वाक्यावर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि रिप्लेस ऑलचा विषय तिने स्वतःच मिटवला.

हा नुसता गमतीचा प्रसंग नाही. मराठीत ‘ई’ने संपणारे शब्द ढीगभर आहेत. आई, ताई, बाई, भाई, जावई, शिवाय नवी मुंबई, वसई. ‘मेल’नेही सुरू होणारे शब्द आहेत, मेला, मेली, मेले, मेलेला. म्हणजे जागा सोडून लिहिलेला ‘ई मेल’ हा शब्द मराठी मजकुरात विश्वासाने शोधताच येत नाही. ‘पूर्ण शब्दच शोधा’ हा पर्यायही इथे उपयोगाचा नाही, कारण जागा सोडली की ते दोन शब्द होतात. ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं ते रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा साचा देऊन शोधायची पद्धत वापरतात. तिथेही एक खाच आहे. शब्दाची हद्द ओळखणारं `\b` हे चिन्ह पायथॉनच्या नेहमीच्या `re` मॉड्यूलमध्ये काना, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘आई’ सुटते, पण ‘ताई’ आणि ‘बाई’ सापळ्यात अडकतात, कारण त्यांच्यात ईच्या आधी काना आहे. मागे कुठलंच देवनागरी चिन्ह नसावं, असं स्पष्ट सांगावं लागतं:

```
(?<![\u0900-\u097F])[इई]\s*[-‑–]?\s*मेल
```

एवढं केलं की सुटी जागा, हायफन, डॅश, ऱ्हस्व, दीर्घ सगळी रूपं सापडतात आणि मुंबई मेल आपल्या रुळावरून सुखरूप जाते. तरीही मी बदल एकेक बघूनच करते.

जागेची बाजू घेणारेही भेटतात. त्यांचं म्हणणं, ‘हार्ड डिस्क’, ‘डेटा सेंटर’, ‘वेब पेज’ आपण सुटे लिहितोच की. बरोबर आहे, आणि तिथे मला काही खटकत नाही. फरक असा की हार्ड, डेटा, वेब हे शब्द आहेत, स्वतःच्या पायावर उभे राहतात. ओळीच्या शेवटी ‘डेटा’ आलं आणि खाली ‘सेंटरमध्ये’ गेलं तरी वाक्य लंगडत नाही. विभक्ती प्रत्यय शेवटच्या शब्दाला लागतो, पहिला शब्द मागे शांतपणे विशेषणासारखा उभा राहतो. ई तशी उभी राहू शकत नाही. मी लावते ती कसोटी एवढीच आहे: पहिला तुकडा ओळीच्या शेवटी एकटा सोडून पाहायचा. कळला तर जागा चालेल. नाही कळला तर हायफन द्या किंवा जोडा. ‘ऑन लाइन’ या कसोटीवर नापास होतो, कारण मराठीत ‘ऑन’ म्हणजे दिवा लागला. म्हणून ऑनलाइन. ‘पास वर्ड’ नापास, परीक्षेत पास झाल्यासारखा वाटतो, म्हणून पासवर्ड. ‘वेब साइट’ जेमतेम पास होतो, पण वेबसाइट इतकं रुळलंय की तोडायचं कारण नाही.

लॉगिनचा मुद्दा जरा वेगळा, आणि इथे इंग्रजीची नक्कल केल्याने मराठीत विनाकारण गोंधळ झाला आहे. इंग्रजीत क्रियापद असेल तेव्हा तो शब्द सुटा लिहितात आणि नाम असेल तेव्हा जोडून. त्याला कारण आहे. क्रियापदाचे दोन तुकडे खरंच वेगळे होऊ शकतात, मध्ये कर्म येऊ शकतं, आणि भूतकाळाचा प्रत्यय पहिल्या तुकड्याला लागतो. मराठीत हे काहीच होत नाही. आपण ‘लॉगिन करा’, ‘लॉगिन केलं’, ‘लॉगिन होत नाही’ म्हणतो. क्रियेचं सगळं ओझं करणे-होणे वाहतात, परका शब्द बिनबदलाचा नाम म्हणून बसतो. मग ‘लॉग इन करा’ आणि ‘लॉगिन आयडी’ अशी दोन रूपं कशाला सांभाळायची? बॅकअप, सेटअप, साइनअप, सगळ्यांना हेच लागू. मराठीत एक रूप पुरतं, ते जोडून लिहावं. इंग्रजी मजकूर समोर ठेवून भाषांतर करणारे तिथल्या जागा इथे उतरवतात आणि मग कारण विचारलं की ‘मूळात तसं आहे’ म्हणतात.

तसंच नामाच्या आधी विशेषण म्हणून आलेल्या दोन शब्दांत इंग्रजी हायफन देते आणि तेच शब्द वाक्याच्या शेवटी आले की काढून घेते. मराठीत हेही आणायची गरज नाही.

हायफन दिला की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. त्याची सगळ्यात मोठी अडचण ‘ई-पीक पाहणी’त दिसते. शेतकऱ्याने आपल्या सातबाऱ्यावरच्या पिकांची नोंद मोबाइलवरून स्वतः करायची, अशी ही महसूल खात्याची व्यवस्था २०२१ मध्ये राज्यभर आली. यात इलेक्ट्रॉनिक काय आहे? पाहणी. पण हायफनने ईची गाठ मारली आहे ती पिकाशी. रेघ जिथे आहे तिथलंच वाचायचं तर ‘इलेक्ट्रॉनिक पिकाची पाहणी’ असा अर्थ होईल. ‘ई पीक पाहणी’ असं जागा सोडून लिहिलं तर ई परत अनाथ. ‘ई-पीकपाहणी’ हे व्याकरणाला धरून, कारण पीकपाहणी हा सरळ षष्ठी तत्पुरुष, आणि त्या अख्ख्या समासाला ई लागते. ‘पीक ई-पाहणी’ हाही एक मार्ग. इंग्रजी पुस्तकांच्या संपादनात अशा ठिकाणी हायफनऐवजी किंचित लांब डॅश वापरतात, म्हणजे डावीकडचा तुकडा उजवीकडच्या सगळ्या शब्दसमूहाला लागतो असं कळावं. छापून आल्यावर हा फरक किती वाचकांना दिसतो, हा वेगळा प्रश्न. देवनागरी फाँटांत तर तो आणखीच पुसट असतो, आणि आपल्याकडे अपसारणचिन्हाचं काम मुळात वेगळं आहे. मी तो मार्ग घेत नाही.

पण माझ्या पसंतीला इथे काही किंमत नाही, कारण ‘ई-पीक पाहणी’ हे नाव आहे. शेतकरी ते ॲपवर वाचतो, तलाठी कार्यालयात ऐकतो. नाव जसं ठेवलं तसं लिहायचं, मग समास कुठेही सुटो. ‘महा ई-सेवा केंद्र’ तसंच. तिथे एक बरं आहे, महा पुढची जागा काढून कोणी ‘महाई-सेवा’ केलं नाही. ई-कचऱ्याबद्दलचे केंद्र सरकारचे नियम २०११ मध्ये आले, २०१६ आणि २०२२ मध्ये नवे झाले, त्यांच्या इंग्रजी नावात ई नंतर हायफन आहे, तो मराठीतही ठेवायचा. दुसरीकडे न्यायालयांच्या संगणकीकरणाचा केंद्रीय प्रकल्प `eCourts` असा हायफनविना, मधलंच अक्षर मोठं करून लिहितात. देवनागरीत मोठं अक्षर नसतं, त्यामुळे ती युक्ती आपल्याकडे येतच नाही. मराठीत उतरवताना ‘ई-कोर्ट्स’ करण्यावाचून इलाज नाही. मोठ्या अक्षराचं काम इथे हायफन करतो.

कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी या कटकटीतून एक सोपी वाट काढली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आलं, त्याच्या स्पष्टीकरणात ‘इलेक्ट्रॉनिक मेल’ अशी पूर्ण शब्दांत व्याख्या दिली होती. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण शब्द पूर्ण लिहिण्याची कल्पना वाईट नव्हती. पूर्ण लिहिला की ई उरत नाही, हायफनही नाही.

आता छपाईची बाजू. हायफन दिला तरी ओळ त्याच्यापाशी तुटू शकते. नेहमीच्या कळफलकावरचा हायफन हा ओळ तोडायला परवानगी देणारा असतो, त्यामुळे ‘ई-’ वर आणि ‘मेल’ खाली जातं. जागेपेक्षा हे बरं, निदान रेघ सांगते की शब्द अजून संपला नाही. तरी दोन कडा जुळवलेल्या रकान्यात ते बरं दिसत नाही. यावर उपाय म्हणजे न तुटणारा हायफन. युनिकोडमध्ये तो U+2011 या क्रमांकावर आहे, वर्डमध्ये तो `Ctrl+Shift+Hyphen` दाबून मिळतो. पण काही देवनागरी फाँटांत हे चिन्हच नसतं, मग सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या तरी फाँटातून ते उसनं आणतं. ओळखायची खूण सोपी: त्याच पानावरच्या ‘आई-वडील’मधल्या रेघेशी ताडून बघा. उंची किंवा जाडी वेगळी दिसली तर उसना हायफन आहे. शिवाय पुढे कोणी साध्या हायफनने ‘ई-मेल’ शोधला तर हा सापडेलच याची खात्री नाही. मी म्हणूनच मजकुरात साधा हायफन ठेवते आणि मांडणी करणाऱ्याला इनडिझाइनमध्ये त्या शब्दाला ‘नो ब्रेक’ लावायला सांगते. शब्द तोच राहतो, फक्त तुटत नाही.

प्रत्यक्ष ई-मेल पत्ता छापताना हाच हायफन घातक ठरतो. समजा पत्ता `sabha-2024@example.org` असा आहे आणि ओळ `sabha-` पाशी तुटली. वाचणाऱ्याला कसं कळणार की रेघ पत्त्यातली आहे की ओळ तुटल्यामुळे आलेली? तो रेघ गाळून टाइप करतो आणि पत्र परत येतं. पत्ता नेहमी स्वतंत्र ओळीवर द्यावा, किंवा निदान हायफनपाशी तुटणार नाही एवढं पाहावं. जिथे शब्दापेक्षा रेघेवर जास्त काही अवलंबून आहे, अशी माझ्या कामातली ही एकच जागा असेल.

आणि पत्रांच्या पोटात तर हायफनच हायफन असतात. कुठल्याही ई-मेलचा मूळ मजकूर उघडून पाहिला तर वरच्या ओळींत `Reply-To`, `In-Reply-To`, `Message-ID`, `Content-Type` अशी नावं दिसतात. त्या नावांत जागा चालतच नाही. कोलनच्या आधी येणाऱ्या नावात मोकळी जागा असू नये, असं ई-मेलच्या मानकांतच ठरलेलं आहे. शब्द वेगळे दिसायला हवेत आणि जागा तर सोडता येत नाही, म्हणून रेघ. नावावरचा हायफन इंग्रजीने काढला, पोटातले तसेच आहेत आणि रोज कोट्यवधी पत्रांबरोबर प्रवास करतात.

वाय-फायबद्दल मला अधूनमधून विचारतात. ती इंग्रजीत व्यापारी नाममुद्रा आहे आणि तिच्यात हायफन आहे. मराठीत वाय हे इथे अक्षर नाही, फाय हा शब्द नाही, दोन्ही तुकडे एकट्याने काहीच सांगत नाहीत. रेघ इथे काहीही वेगळं करत नाही किंवा जोडत नाही. वायफाय जोडून लिहावं. नाममुद्रा म्हणूनच उल्लेख असेल, करारनाम्यात वगैरे, तर रोमन लिपीत जशीच्या तशी द्यावी. ई-सिम मात्र हायफन घेऊन, कारण सिम हा शब्द आता मराठीत चांगला नांदतो आहे, आणि ई पुन्हा तीच.

स्मरणिकेच्या शेवटच्या प्रुफात सगळीकडे ई-मेल झालं होतं. एका लेखकांचा फोन आला, त्यांच्या लेखात त्यांनी ईमेल जोडून लिहिलं होतं, ते का बदललं म्हणून. मी विचारलं, “काका, तुमच्याच लेखात दोन परिच्छेदांनंतर ई-पुस्तक हायफन देऊन आहे, तेही जोडू का?” ते थोडा वेळ मनातल्या मनात ‘ईपुस्तक’ वाचत असावेत. मग म्हणाले, “नको, राहू दे. पण माझ्या कवितेतलं जोडूनच ठेव. तिथे मात्रा मोजलेल्या आहेत.” हायफनला मात्रा नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही. कवितेतलं जोडूनच ठेवलं.